कौलारू कैचीतला मधला दांडा आणि सांध्यांची पद्धत

प्रश्न: सर, मी डिप्लोमा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि खानापुरात मामांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हाताखाली काम करतो. जांबोटीकडच्या एका शेडसाठी लोखंडी अँगलची कैची करायची आहे. गाळा ८ मीटर, मधोमध उंची ३ मीटर, कैच्या ३ मीटर अंतरावर, वर मंगलोरी कौलं. दोन्ही राफ्टरच्या मध्यावरून खाली किंग पोस्टच्या पायथ्याशी येणारे तिरपे स्ट्रट आहेत. वर्गात शिकलो होतो की मधल्या उभ्या दांड्यात बल शून्य असतं, म्हणून मामा म्हणतात तो काढूनच टाकू, नाहीतर सळईचा करू. पण सांध्यांच्या पद्धतीनं मांडलं की मला त्यात ताण येतो. खांबात ताण कसा येईल? नेमकं कसं मांडायचं? मालक पुढं तिथंच ट्रॅक्टरच्या इंजिनासाठी चेनपुली टांगणार आहे.

उत्तर: वर्गातलं शून्य खरं आहे आणि तुमचा ताणही खरा आहे. फक्त ती दोन उत्तरं दोन वेगळ्या कैच्यांची आहेत. शून्य येतं ते स्ट्रट नसलेल्या कैचीत. तुमच्या कैचीत स्ट्रट आहेत, त्यामुळं किंग पोस्ट दाबला जात नाही, तो वरून लोंबतो. नावात पोस्ट आहे म्हणून फसू नका. मामांना आत्ताच सांगा की तो काढायचा नाही. सळई चालेल की नाही हे शेवटी बघू.

आधी सांध्यांना नावं देऊ. डावा आधार अ, उजवा आधार ब, आढ्याचा सांधा क, डाव्या राफ्टरचा मध्य ड, उजव्या राफ्टरचा मध्य इ, आणि खालच्या टायच्या मध्यावर, जिथं किंग पोस्ट आणि दोन्ही स्ट्रट येऊन मिळतात तो फ. सहा सांधे आणि नऊ मेंबर. सांध्यांच्या दुपटीतून तीन वजा केले की नऊच येतात, म्हणजे फक्त समतोलाच्या समीकरणांवर ही कैची पूर्ण सुटते. एक मेंबर काढलात की आठ उरतात आणि आकार स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. किंग पोस्ट काढायला नको म्हणतो त्याचं पहिलं कारण हेच.

तुमचं माप नशिबानं फार सोयीचं आहे. अर्धा गाळा ४, उंची ३, म्हणजे राफ्टरची लांबी बरोबर ५ मीटर. साइन ०.६, कोसाइन ०.८. कोन काढायची गरजच नाही, आणि काढूही नका. पुस्तकातल्या सवयीनं ३० अंश धरून साइटवरची उंची ३ मीटर ठेवणारी पोरं मी बरीच बघितलीत. तिथं सगळे आकडे थोडे थोडे चुकतात आणि शेवटपर्यंत कळत नाही. स्ट्रटचा उतारही राफ्टरइतकाच आहे, फक्त उलट दिशेला: ड पासून फ पर्यंत २ मीटर आडवं, दीड मीटर खाली. त्यालाही तेच ०.६ आणि ०.८.

आता भार. मंगलोरी कौलं रिपांसकट चौरस मीटरला साधारण ६५ किलो धरतात, म्हणजे ०.६५ किलोन्यूटन. हे वजन पाख्याच्या तिरप्या क्षेत्रफळावर मोजायचं. एका सांध्याच्या वाट्याला तिरपं २.५ मीटर आणि कैच्यांमधलं अंतर ३ मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर, साधारण ४.९ किलोन्यूटन. छपरावर माणूस चढण्याचा वगैरे जो चल भार असतो तो मात्र आडव्या क्षेत्रफळावर मोजतात. एवढ्या चढाला आयएस ८७५ प्रमाणे तो किमान ०.४ वर येतो, सहा चौरस मीटरला २.४. पर्लिन आणि कैचीच्या स्वतःच्या वजनाचे ढोबळ ०.७ धरले की सांध्याला बरोबर ८ किलोन्यूटन. जांबोटीच्या पावसात कौल भिजून जड होतं, तेव्हा हा आकडा खाली ओढू नका.

क, ड आणि इ या सांध्यांवर प्रत्येकी ८, तर अ आणि ब वर अर्ध्या पट्टीचे ४-४. एकूण ३२, म्हणून प्रत्येक भिंतीवर १६. पण अ वरचे ४ कैचीत शिरतच नाहीत, ते थेट भिंतीत उतरतात. कैचीला वर ढकलतात ते १६ वजा ४, म्हणजे १२.

सुरुवात अ पासूनच करायची, कारण एका सांध्याला समीकरणं दोनच मिळतात, एक आडवं आणि एक उभं. अ वर न माहीत असलेले मेंबर दोनच आहेत. ड वर तीन, क वर तीन, फ वर पाच. तिथून सुरू केलं की माणूस अडकतो आणि पद्धतीला दोष देतो.

एकच नियम पक्का धरा: माहीत नसलेल्या प्रत्येक मेंबरात ताणच आहे असं समजायचं आणि बाण सांध्यापासून बाहेर काढायचा. उत्तर अधिक आलं तर ताण, वजा आलं तर दाब. डोळ्यानं ओळखून आधीच बाण उलटे काढायचे नाहीत.

सांधा अ, उभं समीकरण: ०.६ × अड + १२ = ०. म्हणून अड = −२०, राफ्टरच्या खालच्या अर्ध्यात २० किलोन्यूटन दाब. आडवं समीकरण: ०.८ × अड + अफ = ०, म्हणून अफ = +१६. खालचा टाय १६ नं ताणला जातो. राफ्टर भिंतींना बाहेर ढकलायला बघतात, टाय त्यांना धरून ठेवतो. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं.

आता ड वर या. घोळ इथंच होतो. अड आता माहीत आहे, वजा २०. त्याचा बाण ड वर काढताना तो बाहेरच, म्हणजे अ कडे काढायचा आणि समीकरणात −२० भरायचे.

आडवं: ०.८ × डक + ०.८ × डफ − ०.८ × अड = ०, म्हणजे डक + डफ = −२०.

उभं: ०.६ × डक − ०.६ × डफ − ०.६ × अड − ८ = ०, म्हणजे डक − डफ = −२० + १३.३३ = −६.६७.

दोन्हींची बेरीज करून निम्मं केलं की डक = −१३.३३ आणि डफ = −६.६७. राफ्टरच्या वरच्या अर्ध्यात दाब खालच्यापेक्षा कमी झाला आणि स्ट्रटमध्येही दाब आला. पाख्याच्या मध्यावर बसलेलं वजन स्ट्रट खाली फ कडे नेतो आहे.

घोळ कसा होतो तो बघा. मुलगा म्हणतो, 'अड मध्ये दाब आहे हे मला माहीत आहे,' म्हणून ड वरचा बाण सांध्याकडे वळवतो. तेवढं बरोबर. पण मग समीकरणात आकडा भरताना −२० च भरतो. दाब दोनदा मोजला गेला, म्हणजे त्याचा ताण झाला. मग डक +२६.६७ येतं आणि डफ मात्र −६.६७ च येतं. स्ट्रट बरोबर आल्यामुळं संशयही येत नाही. पण एकाच राफ्टरच्या खालच्या अर्ध्यात दाब आणि वरच्या अर्ध्यात ताण, तोही नुसत्या कौलांच्या वजनाखाली? असं दिसलं की पेन खाली ठेवायचं आणि बाण तपासायचे. बाण वळवायचा असेल तर आकडा अधिक भरा, आकडा वजा भरायचा असेल तर बाण बाहेर ठेवा. दोन्ही एकदम नाही.

आता आढ्याचा सांधा क. कैची आणि भार दोन्ही सारखे असल्यामुळं इक सुद्धा −१३.३३. उभं समीकरण: −कफ − ०.६ × डक − ०.६ × इक − ८ = ०. म्हणजे −कफ + ८ + ८ − ८ = ०, आणि कफ = +८.

हाच तुमचा खांबातला ताण. दोन्ही राफ्टर मिळून आढ्याला १६ नं वर ढकलतात. आढ्यावरचं कौलांचं वजन त्यातले ८ खातं. उरलेले ८ कुठंतरी खाली ओढले गेले पाहिजेत, आणि ते ओढायला किंग पोस्टशिवाय तिथं दुसरं कुणी नाही. खालून बघितलं तर तेच उलट बाजूनं दिसतं: दोन्ही स्ट्रट फ ला खाली ढकलतात, प्रत्येकी ६.६७ × ०.६, म्हणजे ४-४. टाय आडवा असल्यामुळं त्याच्यात उभं काहीच धरता येत नाही. फ ला वर उचलून धरायचं काम किंग पोस्ट करतो. आपल्याकडच्या जुन्या सागवानी कैच्यांत किंग पोस्टचा पायथा लोखंडी पट्टीनं तुळईला खालून कवेत घेतलेला दिसतो. खांब तुळईवर टेकून उभा असता तर त्या पट्टीचं तिथं काही काम नव्हतं.

सांधा फ मुद्दाम शेवटी ठेवायचा, कारण तिथं सोडवायला काही उरत नाही, फक्त ताळा करायचा असतो. कफ वर ओढतो ८, स्ट्रट खाली ढकलतात ४ आणि ४. जुळलं. आडवं: अफ आणि फब दोन्ही १६, स्ट्रटचे आडवे भाग एकमेकांना काटतात. जुळलं. वरचा बाणाचा घोळ झाला असता तर कफ −४० आला असता आणि फ वर ४८ चा फरक दिसला असता. अ वरचे ४ वजा करायला विसरून १६ नंच सुरुवात केली तर कफ १६ येतो आणि फ वर ८ शिल्लक राहतात. म्हणून वहीत फ चा ताळा लिहिल्याशिवाय मी कुणाची कैची तपासायला घेत नाही. एका गोष्टीला मात्र हा ताळा उपयोगाचा नाही: भारच चुकीचा धरला असेल तर सगळं सुरेख जुळतं आणि तरीही चूक असतं.

आता वर्गातलं शून्य. स्ट्रट काढून टाका. फ वर उरले तीन मेंबर, त्यातले दोन एका सरळ रेषेत आडवे आणि तिसरा उभा. सांध्यावर बाहेरचा भार नाही. उभं समीकरण लिहिलं की त्यात कफ एकटाच, म्हणून तो शून्य. यात तीन अटी आहेत: मेंबर तीनच, त्यातले दोन एका रेषेत, आणि सांध्यावर भार नाही. तुमच्या कैचीत पहिलीच अट मोडते. चेनपुली टांगली की तिसरीही मोडते. शिवाय शून्य बलाचा मेंबरही बिनकामाचा नसतो. ८ मीटरचा टाय मध्ये न धरता सोडला तर स्वतःच्याच वजनानं लोंबतो.

बरं, स्ट्रट ठेवून फक्त किंग पोस्ट काढला तर? स्ट्रट फ ला ८ किलोन्यूटननं खाली ढकलत राहतात आणि ते धरायला वर कुणी नाही. मग टाय तुळईसारखा वाकू लागतो. तो सगळा भार टायवरच आला असं धरलं तर मध्यावरचा वाकवणारा मोमेंट ८ × ८ ÷ ४, म्हणजे १६ किलोन्यूटन-मीटर. राफ्टर अखंड असतील तर त्यातला काही वाटा तेही वाकून घेतील. पण कैचीतला साधा अँगल ओढायला किंवा दाबायला निवडलेला असतो, असा मोमेंट पेलायला नाही. आणि स्ट्रटही काढून नुसता त्रिकोण ठेवायचा म्हटलं तर पाच मीटरचा राफ्टर मधल्या आधाराशिवाय कौलं पेलणार. त्यातला मोमेंट अडीच मीटरच्या चौपट होतो.

मोमेंटचा विषय निघाला म्हणून एक अडचण सांगतो, कारण तुमच्या साइटवर ती येणारच. ही सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: भार फक्त सांध्यांवर येतो. पर्लिन बरोबर अ, ड, क, इ, ब वर बसल्या तर ते खरं असतं. पण कौलांच्या रिपा जवळजवळ लागतात, आणि पर्लिन-वासे वाचवायला काही जण त्या थेट कैचीच्या राफ्टरवरच ठोकतात. (त्यासाठी कैच्या जवळ घ्याव्या लागतात. ३ मीटरला रीप टिकणार नाही.) काही जण जादाची पर्लिन अ आणि ड च्या मध्येच बसवतात. मग राफ्टरमध्ये दाबाबरोबर वाकणंही येतं. सांध्याला ८ किलोन्यूटन म्हणजे आडव्या मीटरला ४. तो भार राफ्टरवर सगळीकडे पसरला तर ड आणि क मधल्या २ मीटर आडव्या अंतरात ४ × २ × २ ÷ ८, म्हणजे २ किलोन्यूटन-मीटर मोमेंट. हा आकडा सांध्यांच्या पद्धतीत कुठंच दिसत नाही. १३ आणि २० चे दाब बघून राफ्टर निवडला आणि हे विसरलात तर कैची पडेलच असं नाही, पण राफ्टर खाली झुकतील आणि पाख्याला लाटा दिसतील.

आता मामांच्या सळईकडे. ताणातल्या मेंबराला लांबीची फारशी भीती नसते. १२ मिलिमीटरच्या सळईचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर, ८ किलोन्यूटनला ताण चौरस मिलिमीटरला साधारण ७१ न्यूटन. साध्या माइल्ड स्टीलला हे झेपतं. म्हणजे नुसत्या कौलांपुरतं मामांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

पण स्ट्रटला हा न्याय लावू नका. त्यात बल ६.६७ च आहे, तरी तो दाबात आहे आणि अडीच मीटर लांब आहे. ५० बाय ५० बाय ६ च्या एकेरी अँगलची सगळ्यात कमी त्रिज्या, म्हणजे रेडियस ऑफ जायरेशन, साधारण ९.६ मिलिमीटर. टोकं पक्की धरून लांबी ०.८५ पट घेतली तरी सडपातळपणाचं गुणोत्तर २२० च्या वर जातं, आणि आयएस ८०० ची मर्यादा १८० आहे. ६५ बाय ६५ बाय ६ घेतला की १७० च्या आत येतं. दुकानात मात्र बहुतेक वेळा उलटं बघायला मिळतं: उभा दांडा खांब म्हणून जाड, आणि तिरपे मेंबर आधारापुरते म्हणून बारीक.

चेनपुलीचं गणित वेगळं करून वरच्या आकड्यांत मिळवता येतं, सगळं पुन्हा मांडायला नको. फ वर एक टन, म्हणजे १० किलोन्यूटन टांगले तर दोन्ही आधारांवर ५-५ वाढतात. अ पासून पुन्हा गेलात तर राफ्टरमध्ये वर-खाली दोन्हीकडे ८.३३ दाब वाढतो, टायमध्ये ६.६७ ताण वाढतो, स्ट्रटमध्ये काहीच बदलत नाही, आणि किंग पोस्टमध्ये पुरे १० वाढतात. अड −२८.३३, डक −२१.६७, अफ +२२.६७, कफ +१८. क वर ताळा बघा: २१.६७ × ०.६ दोनदा म्हणजे २६, त्यातून ८ गेले, उरले १८. त्याच १२ च्या सळईत आता ताण १५९ न्यूटन झाला. पूर्वापार १५० धरतात, त्याच्या पुढं. आणि हे इंजिन शांत लोंबत असतानाचं. चेन ओढताना हिसका बसतो तो वेगळा, टोकाला आटे पाडले असतील तर तिथलं क्षेत्रफळ आणखी कमी. मालक पुली टांगणारच असेल तर त्या एका कैचीचा किंग पोस्ट अँगलचाच करा, आणि हूक फ च्या गसेटमधूनच घ्या. टायच्या मध्येच कुठंतरी साखळी गुंडाळली की वरचं सगळं गणित गेलं, कारण तिथं टाय वाकतो.

राहिला वारा. कौलं जड असतात, बऱ्याच अंशी तीच छप्पर धरून ठेवतात. पण हल्ली खानापूर तालुक्यात माकडांच्या त्रासानं आणि गळतीनं लोक कौलं उतरवून पत्रे घालतात. पत्र्याचं वजन कौलांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मग वाऱ्यानं छप्पर वर उचललं की भाराची दिशाच उलटते. समजण्यापुरतं धरू की प्रत्येक सांध्यावर ८ खाली ऐवजी ४ वर आले आणि टोकांना त्याच्या निम्मे. सगळे आकडे निम्मे होतील आणि चिन्हं उलटी: राफ्टरमध्ये १० ताण, टायमध्ये ८ दाब, किंग पोस्टमध्ये ४ दाब. प्रत्यक्षात वारा पाख्याला काटकोनात लागतो आणि दोन्ही पाख्यांवर सारखा नसतो. तेव्हा डावी-उजवी बाजू वेगळी येते आणि सहाही सांधे सोडवावे लागतात. पण चिन्ह उलटतं हे समजायला एवढं पुरे. ३ मीटरची सळई दाबात काहीच पेलत नाही, ती बाजूला वाकते. म्हणून शेडवर पुढंमागं पत्रे पडण्याची शक्यता असेल तर किंग पोस्ट आणि टाय दोन्ही सळईचे नकोत, अँगलचे करा, आणि आधाराचे बोल्ट कैची वर उचलली जाण्याच्या हिशेबानं भिंतीत खोल घ्या.